पहिलं भांडं रिकामं होण्याची भीती

हिरामण पहिल्यांदा माझ्या दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेल्याची बातमी घेऊन आलाय. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद, आणि चेहरा असा की मी आधी पाणी आणायला आत पळाले. कागद निघाला कंपनीचा चेक. चार लाख ऐंशी हजारांचा. डिसेंबर १९९६ची गोष्ट. धाटावच्या एका केमिकल कंपनीने बॉयलरवरच्या पंधरा जणांना स्वेच्छानिवृत्ती दिली होती. त्यातली इच्छा किती आणि कोणाची होती ते सगळ्या रोह्याला माहीत होतं.

मी विमल. माहेर पेणचं, सासर रोह्याचं, नवरा मास्तर. पोस्टाच्या अल्पबचतीची एजन्सी मी सोळा वर्षं केली. मला त्यावर कमिशन मिळायचं, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. मोठी रक्कम घेऊन आलेला माणूस दोनच प्रश्न विचारतो: व्याज किती आणि दुप्पट कधी. हिरामणने दोन्ही विचारले नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून तो म्हणाला, "ताई, हे किती वर्सं पुरतील?"

"किती वर्षं पुरायला हवेत?"

"बापूस चौऱ्याऐंशीचा होऊन गेला. आई अठ्ठ्याऐंशीची. मी आता चौपन्नचा." मग जीभ चावल्यासारखं करून म्हणाला, "लवकर मेलो तं बराच हाय म्हना."

मी त्याच्यावर खेकसले. माझा स्वभावच तसा आहे. माझ्या घरात बसून असलं बोलायचं नाही, म्हटलं. पण प्रश्न बरोबर होता. तीस वर्षांचा होता.

तो मूळचा पेणजवळच्या जित्याकडचा. वडील खाडीकाठच्या मिठागरावर मजुरी करायचे. हा पोरगा असल्यापासून त्यांच्या हाताखाली. पुढे कंपनीत लागला, अष्टमीला पुलापलीकडे दोन खोल्यांचं घर बांधलं, एकुलती मुलगी भूमिका जोह्याला दिली. बावीस वर्षं बॉयलरच्या काट्याकडे बघत नोकरी केली. दारू नाही, पत्ते नाहीत. कर्जही नाही. अशा माणसाला घाबरायचं काय कारण, असं कुणीही म्हणेल. कारण होतं. त्याच्या आधीच्या तुकडीत हैबतराव नावाचा एक जण निवृत्त झाला होता. त्याने सगळी रक्कम एका सेव्हिंग खात्यात टाकली आणि लागेल तशी काढली. घराला लादी बसवली, मुलाला मोटारसायकल घेतली, पुतणीच्या लग्नात हात सैल सोडला. प्रत्येक खर्च कारणाचाच होता, उधळपट्टी म्हणावी असा एकही नाही. तीन वर्षांत खातं कोरडं पडलं. आता हैबतराव त्याच धाटावला दुसऱ्या कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांना सलाम करायचा. हिरामण त्याला चुकवण्यासाठी बाजाराची वाट बदलून जायचा.

मी वही काढली. महिन्याचा खर्च विचारला. तीन हजार, त्याने पै न पै मोजून सांगितला. मग मी तीन भांडी काढली. वर्तुळंच, पण मी त्यांना भांडी म्हणायचे, लोकांना लगेच कळतं.

पहिल्या भांड्यात ऐंशी हजार. बँकेत, थोडे सेव्हिंगला आणि बाकीचे एकेक वर्षाच्या ठेवीत. हे खर्चायचे. दुसऱ्यात दोन लाख चाळीस हजार, पोस्टाची मासिक उत्पन्न योजना, सहा वर्षांसाठी. तेव्हा तेरा टक्के दर होता, म्हणजे दरमहा सव्वीसशे रुपये हातात. बँक आणि पोस्ट, दोन्हीकडची खाती नवरा-बायकोच्या नावावर, दोघांपैकी कुणाच्याही सहीवर पैसे निघतील अशी. तिसऱ्यात एक लाख साठ हजार, किसान विकास पत्रं, साडेपाच वर्षांत दुप्पट. त्यांना हात लावायचा नाही.

"सव्वीसशे पोस्टाचे, चारशे बँकेतले. झाले तीन हजार," मी म्हटलं. "पण महागाई थांबायची नाही. पुढच्या वर्षी सव्वातीन हजार लागतील, मग साडेतीन. पोस्ट सव्वीसशेच देणार. वरचे वाढते पैसे या पहिल्या भांड्यातून घ्यायचे. ते दरवर्षी कमी होत जाईल. तोवर तिसरं पिकतंय. जून २००२ला त्याचे तीन लाख वीस हजार होतील, की त्यातून पहिलं परत भरायचं, उरलेलं पुन्हा मुरायला टाकायचं. तेव्हा दर काय असेल ते बघून परत बसू."

वर्षवार आकडे मी खाली लिहून दाखवले. व्याज मुद्दाम धरलं नव्हतं, कमीत कमी किती उरेल ते दिसावं म्हणून. पंच्याहत्तर हजार, सदुसष्ट, छप्पन्न, एकेचाळीस, बावीस. आणि डिसेंबर २००२ समोर शून्य.

हिरामणने त्या शून्यावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही.

"हे रिकामा होल."

"व्हायलाच हवं. त्याआधी सहा महिने तिसऱ्यातून भरलेलं असेल."

"पन हिथं शून्य हाय, ताई."

मी परत समजावलं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "मिठागर हाय हे," तो म्हणाला. मोठं तळं, मधलं तळं, शेवटचे वाफे. खाडीचं पाणी उधाणाला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, मोठ्या तळ्यात घ्यायचं, तिथे ते तापू द्यायचं, मग मधल्यात, आणि पुरतं तयार झालं की वाफ्यात सोडायचं. घाई करून कच्चं पाणी सोडलं तर मीठ बसत नाही. तिसऱ्या भांड्याला हात का लावायचा नाही ते मला तासभर सांगूनही जमलं नसतं, ते त्याने दोन वाक्यांत स्वतःलाच सांगितलं. मला एवढं कौतुक वाटलं की पुढे दहा जणांना मी हाच दाखला दिला. उघाडी कधी उघडतात ते त्याने सांगितलं. कधी बंद ठेवतात ते मी विचारलं नाही.

दोन वर्षं सुरळीत गेली. दर पाच तारखेला पुलावरून चालत रोह्याच्या पोस्टात, मग बँकेत. सगुणा, त्याची बायको, मला बाजारात भेटली की हसायची. "पासबुक उशाखाली घेऊन झोपतान, ताई. मी नाय तेवढी जवळ." मी म्हणायचे, नवऱ्याला दुसरा नाद लागण्यापेक्षा हा बरा. मस्करी होती. उशाखाली पासबुक घेऊन झोपणारा माणूस झोपत असेल का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

जानेवारी १९९९मध्ये सरकारने पोस्टाचे दर उतरवले. मासिक योजना तेरावरून बारावर आली. त्या आठवड्यात माझ्याकडे एवढी झुंबड की जेवायला उसंत नव्हती. जुन्या दराने खातं उघडून द्या म्हणून लोक भांडत होते, जणू दर मीच उतरवला होता. पोस्टाच्या रांगेत हिरामण मागून आला. हळूच विचारलं, "ताई, दर उतरला ना?"

"उतरला हो. आता बाराच," मी म्हटलं, आणि पुढच्या माणसाचा फॉर्म भरायला लागले.

बस, एवढंच. जे नवीन खातं उघडतील त्यांना बारा. ज्यांचं आधीच उघडलंय त्यांना मुदत संपेपर्यंत तेराच. हे वाक्य म्हणायला मला किती वेळ लागला असता? मी ते म्हटलं नाही. आज मी हे लिहितेय ते त्या न म्हटलेल्या वाक्यासाठी. लोकांना वाटतं, पैशाच्या सल्ल्यात आकडे चुकतात. माझे आकडे एकही चुकले नव्हते.

मे महिन्यात सगुणा माझ्या घरी आली. उन्हातून चालत, पदराने तोंड पुसत. बसली नाही.

"ताई, यांचा काय तरी बिघडलाय. एकच वेल जेवतान. सकालचा विचारला तं सांगतान, बाहेर खाल्ला. कुठं खातान? कुनी देताय काय यांना? काल उठताना भिंत धरली."

तिने पदराआडून बँकेचं पासबुक काढलं. नवरा परसात गेलेला बघून उशाखालून उचलून आणलं होतं. मी उघडलं आणि चष्मा पुसून परत बघितलं. जानेवारीपासून एक पैसा काढलेला नव्हता. उलट दर महिन्याला दोनशे रुपये भरलेले होते. ठेवी धरून शिल्लक होती एक्याऐंशी हजार. दोन वर्षं काढूनही व्याजाने भांडं जिथल्या तिथे होतं. आणि या घरात एक माणूस उपाशी राहत होता.

मला राग आला. खरं तर भीती वाटली, पण माझी भीती रागाच्याच वाटेने बाहेर येते. सगुणाला घेऊन मी तशीच पूल ओलांडून अष्टमीला गेले. हिरामण ओट्यावर बसला होता. कॉलर मानेभोवती सैल झालेली, हाताच्या शिरा वर आलेल्या.

"हे काय चालवलंयस?" मी पासबुक त्याच्यासमोर आपटलं. "पैसे कशाला ठेवलेत? पूजेला?"

तो बायकोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भांग हाय, ताई."

"कसली भांग?"

"उधाण नाय तवा. भांगाच्या दिवसांत खाडीचा पानी उघाडीपावत चढतच नाय. तवा बापूस थेंब सोडायचा नाय. हाय तेवढा राखायचा, फुडचा उधाण येईपावत. दर उतरला, म्हंजे पानी उतरला. मी उघाडी लावली."

"आणि हे दोनशे?"

"ते पोष्टाचे. ते अजून सव्वीसशेच देतान. चूक हाय त्यांची. बारान चोवीसशे होतान. कंपनीत असाच व्हायचा. पगार जास्ती पडला तं सा महिन्यांनी एकदम कापायचे. मागतील तवा देयाला पायजेन ना."

पाच महिने हा माणूस, सरकारने मागितले तर परत देता यावेत म्हणून, स्वतःच्या पोटातून दोनशे रुपये काढून ठेवत होता. वर बँकेतले नऊशे काढायचे तेही बंद. साडेतीन हजारांच्या घरात चोवीसशे आणत होता, आणि सगुणाच्या ताटात काही कमी पडू देत नव्हता. कमी झालं ते सगळं स्वतःचं.

मी खाली बसले. आवाज उतरवला. सांगितलं की त्याचा दर डिसेंबर २००२पर्यंत तेराच आहे, कुणी काही परत मागणार नाही, वर मुदतीला दहा टक्के बोनस मिळेल. पहिलं भांडं याच दिवसांसाठी होतं. बाहेर काहीही होवो, ते खायचं, म्हणजे मागच्या दोन्हींना धक्का लागत नाही. मिठागरात तू मोठं तळं राखतोस. इथे राखायचं आहे ते तिसरं. पहिलं नाही.

"मंग २००२ला काय? तवा दर धा होल, आठ होल."

ही भीती खोटी नव्हती. मी म्हटलं, होईल कदाचित. तेव्हा खर्चाला थोडी कात्री लावू, तिसऱ्यातला वाटा जास्त ठेवू, मार्ग काढू. पण २००२चा उपास १९९९ला करून काय मिळणार आहे?

"हे कागदावर हाय?" त्याने विचारलं.

"उद्या दहाला पोस्टात ये. पोस्टमास्तरांच्या तोंडून ऐकवते."

तो हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसला असेल, सगुणाने तोंडावर पदर धरला. निघताना मी तिला सांगितलं, आज त्याला दोन भाकऱ्या जास्त वाढ. मला वाटलं, वेळेत आले.

दुसऱ्या दिवशी दहाला तो आला नाही. साडेदहाला मी पोस्टाच्या पायरीवर उभी राहून पुलाकडे बघत होते. अकराला त्याचा शेजारी कान्हू सायकल मारत आला. पहाटे मोरीत पडला, म्हणाला. उजवा हात-पाय हलत नाही, तोंड वाकडं झालंय. जीप करून पेणला नेलाय.

मी दुपारच्या गाडीने पेणला पोचले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सगुणा जमिनीवर बसली होती, मांडीवर बिस्किटांचा जुना डबा. डॉक्टरांनी विचारलं होतं की ब्लडप्रेशरची गोळी कोणती, रोज घेत होते का. तिने सांगितलं, रोज, माझ्यासमोर, पाण्याबरोबर. डबाच आणते म्हणाली आणि शेजाऱ्याला पाठवून मागवला. आता तो तिच्याकडून उघडत नव्हता. मी उघडला.

आत दाढीचं एक पातं होतं, कागदात गुंडाळलेलं. आणि अर्ध्या गोळ्या. नीट, सरळ कापलेल्या, औषधाच्या पाकिटातल्या कागदात एकेक बांधून ठेवलेल्या. गोळी साडेतीन रुपयांची. अर्धी घेतली तर महिन्याला बावन्न रुपये वाचत होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी डबा बघितला आणि मला विचारलं, "पैशांची फार अडचण आहे का?"

मी नाही म्हटलं.

अडचण खरंच नव्हती. दुसऱ्या दिवशी सगुणाने बँकेतून अठरा हजार काढले, तिच्या अंगठ्यावर, कारण खातं दोघांचं होतं. ठेव मोडावी लागली नाही, पत्रांना हात लागला नाही, पोस्टाचे सव्वीसशे पाच तारखेला आले. सगळं मी वहीत मांडलं होतं तसंच्या तसं चाललं. मी इतक्या लोकांना ही व्यवस्था करून दिली होती, पण ती एवढी चोख चाललेली मी कधी बघितली नव्हती. आणि मला तिची शिसारी आली.

तीन आठवड्यांनी त्याला घरी आणलं. जुलैपर्यंत तो डाव्या हाताने ताटली धरायला लागला. शब्द नव्हता. सगुणा त्याच्याशी दिवसभर बोलायची, तो डोळे हलवायचा. मी दर पाच तारखेला पैसे निघाल्यावर तिच्याबरोबर घरी जायचे, पासबुक त्याच्यासमोर उघडून धरायचे, आकड्यावर बोट ठेवून सांगायचे, "सव्वीसशे. तेरा टक्के. कापलेले नाहीत." तो बराच वेळ बघायचा. त्याला पटत होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मला झोप लागायची नाही. स्वप्नात रांगेत उभी राहून मी ते एक वाक्य म्हणायला जायचे आणि पुढचा माणूस फॉर्म पुढे करायचा.

ऑगस्टच्या पाच तारखेला आम्ही गेलो तेव्हा गोळीची वेळ झाली होती. सगुणाने नवी पट्टी फोडली, गोळी तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "हं, तोंड उघडा." त्याने उघडलं नाही. डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला. ओठ हलले, थुंकी आली, परत हलले. आम्ही दोघी पुढे वाकलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक शब्द आला की पुढचे येतील.

"अर..." तो म्हणाला. मग सगळा जोर लावून, "अर्धी."

सगुणाच्या पेल्यातलं पाणी त्याच्या छातीवर सांडलं. ती रडली नाही. "नाय," ती म्हणाली. "पुरी." तिने अंगठ्याने त्याचा जबडा खाली केला, गोळी जिभेवर ठेवली, आणि लहान मुलाचं धरतात तसं त्याचं तोंड हाताने मिटून धरलं. तो मान हलवत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्याकडे बघत होता, जणू मी तरी तिला थांबवावं.

गळ्याची घाटी हलेपर्यंत तिने हात काढला नाही.